ठोका चुकत नाही, लवकर येतो

नमस्कार डॉक्टर, मी ३४ वर्षांची, सांगलीत बँकेत आहे. मार्च एंडिंगपासून छातीत मधेच ठोका चुकतो, मग एक गचका बसतो, कधी गळ्यात पाखरू फडफडल्यासारखं होतं. रात्री पडलं की जास्त. ईसीजी आणि टूडी एको नॉर्मल आलेत, पण २४ तास छातीला लावून ठेवायच्या ईसीजी यंत्रात, म्हणजे होल्टरमध्ये, ४१२ व्हीपीसी निघाल्यात. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. परवा घरच्या ऑक्सिमीटरवर, तो कोविडमध्ये सासूबाईंसाठी घेतला होता, पल्स ४४ दिसली, उभ्या उभ्या नवऱ्याला हाका मारल्या आणि माझे हातपाय गार पडले. चक्कर मात्र तेव्हा नव्हती, कधीच आली नाही. मामा ६१व्या वर्षी अटॅकने गेले. आता झोप उडालीय, सारखी बोटं मनगटावर असतात, चालायला जाणंही बंद केलंय. रिपोर्टचे फोटो पाठवतेय. हे खरंच साधं आहे का?
— ४१२वाली, सांगली

ताई, फोटो सगळे नीट बघितले, आणि सगळ्यात कामाचं पान तुम्ही शेवटी, तेही तिरकं काढून पाठवलंय. तासातासाचा तक्ता आहे ना, ते पान. त्यावर मी येतोच, पण आधी तो गचका म्हणजे नक्की काय ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय तक्ता वाचून काही उपयोग नाही.

आपल्या हृदयात वरच्या उजव्या कप्प्यात एक छोटा ठिपका असतो, सायनस नोड म्हणतात त्याला, तो ताल धरतो आणि बाकीचं हृदय त्याच्यामागे चालतं. पण ताल धरायची थोडीफार ताकद हृदयाच्या इतर पेशींतही असते, एखादी पेशी मधेच उठते आणि आपला ठोका आधीच टाकून मोकळी होते. भजनात टाळकऱ्यांपैकी एखादा अर्धी मात्रा आधीच टाळ वाजवतो तसं. हा असा खालच्या कप्प्यातून आलेला आगाऊ ठोका म्हणजे तुमच्या रिपोर्टमधली व्हीपीसी. म्हणजे ठोका चुकलेला नसतोच, तो लवकर आलेला असतो.

आता हे जरा घड्याळ लावून बघू. समजा तुमची पल्स ७५ आहे, म्हणजे दर ०.८ सेकंदाला एक ठोका. एक नेहमीचा ठोका पडला आणि ०.८ ऐवजी ०.५ सेकंदातच आगाऊ ठोका आला. हृदयात तोवर पुरतं रक्त भरलेलंच नाही, त्यामुळे तो ठोका पडतो पण फुसका पडतो, मनगटापर्यंत पोचतच नाही बऱ्याचदा. मग पुढचा नेहमीचा सिग्नल वरून वेळेवर येतो, पण खालचे कप्पे नुकतेच आकुंचन पावलेले असतात, ते त्याला दाद देत नाहीत, तो वाया जातो. त्याच्या पुढचा सिग्नल येतो तो पहिल्या ठोक्यापासून १.६ सेकंदांनी. म्हणजे आगाऊ ठोका आणि हा ठोका यांच्यात १.१ सेकंदाची पोकळी राहते. नेहमीपेक्षा फक्त ०.३ सेकंद जास्त! पण फुसका ठोका तुम्हाला जाणवलेला नसतो, त्यामुळे तुमच्या लेखी सलग १.६ सेकंद हृदय गप्प असतं, आणि ते "बंद पडलं" असं वाटायला तेवढं पुरतं.

आणि गचका? तो आगाऊ ठोक्याचा नसतो बहुतेक वेळा. पोकळीमुळे हृदयाला भरायला जास्त वेळ मिळतो, जास्त रक्त भरतं, आणि पुढचा ठोका दणकून पडतो. म्हणजे ज्याला तुम्ही घाबरताय तो सगळ्यात चांगला भरलेला, अगदी सरळमार्गी ठोका असतो, गडबड करणारा त्याच्या आधीच येऊन गेलेला असतो. गळ्यातल्या पाखराचंही असंच. कधी कधी आगाऊ ठोक्यामुळे खालचा कप्पा आकुंचन पावतो त्याच क्षणी वरचा कप्पाही आकुंचन पावतो, मधली झडप बंद असते, रक्ताला खाली जायला वाट नाही, मग ते उलट मानेतल्या शिरेकडे ढकललं जातं. ती फडफड. काहींना त्याने ठसकाही लागतो.

ऑक्सिमीटरचे ४४ आता तुमचं तुम्हालाच सुटेल. ते यंत्र बोटातली रक्ताची लाट मोजतं, हृदयाचे ठोके मोजत नाही. थोडा वेळ जर एक नेहमीचा आणि एक आगाऊ अशी जोडी लागली, तर दर दुसरा ठोका बोटापर्यंत पोचत नाही आणि ८८ चे दिसतात ४४. तुमच्या होल्टरमध्ये अशी जोडी लागल्याची दोन छोटे तुकडे आहेत, "बायजेमिनी" लिहिलंय बघा. परवाचा आकडा मी काही तिथे उभं राहून पाहिला नाही, तेव्हा छातीठोक सांगणार नाही, पण तुम्ही त्या वेळी उभ्या होतात, बोलत होतात, नवऱ्याला हाका मारत होतात, चक्कर नव्हती, तर हेच कारण सगळ्यात जुळतं. असाच घोळ घरच्या बीपी मशीनवर आणि हातातल्या स्मार्टवॉचवरही होतो.

बरं, आता ४१२.

आकडा मोठा वाटतो कारण तो एकटा लिहिलाय. त्याच पानावर वर एकूण ठोके आहेत, १,०२,४६०. त्यात ४१२ म्हणजे शंभरात अर्धासुद्धा नाही, ०.४ टक्के. धडधाकट माणसाला होल्टर लावलं तरी बहुतेकांच्यात थोडेफार आगाऊ ठोके सापडतातच, फक्त त्यांना होल्टर कोणी लावलेलं नसतं म्हणून ते सुखात असतात. आम्ही कान टवकारतो ते प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की, म्हणजे दिवसाला दहा हजारांच्या आसपास, कारण इतके ठोके महिनोन् महिने चालले तर काही जणांत हृदयाचा पंप कमजोर पडू शकतो. तेव्हाही आधी एको बघायचा, औषध द्यायचं, काहींना अॅब्लेशन, म्हणजे त्या चुळबुळ्या पेशी जाळून टाकणं, करायचं असा रस्ता आहे. तुम्ही त्या गावच्या आसपासही नाही. एकामागून एक तीन-चार आगाऊ ठोके अशी रांग कुठे नाही, एकोत पंपाची ताकद ६० टक्के आहे (हो, शंभर नसतेच कुणाची, ५५ ते ७० म्हणजे उत्तम, याच्यावरून मला आठवड्याला दोन फोन येतात).

आता तो तक्ता. रात्री २ ते ३ या तासात ६१ व्हीपीसी आणि ३ ते ४ मध्ये ४८. दोन तासांत १०९, म्हणजे दिवसभरातल्या पाव भागाहून जास्त. आणि त्या वेळी तुम्ही काय करत होतात? डायरीत लिहिलंय, "झोपले". त्रास जाणवला की होल्टरचं बटण दाबायचं असतं, ते एकदाही दाबलेलं नाही. उलट रात्री १० ते ११, तुम्ही गादीवर पडलात तो तास, त्यात व्हीपीसी फक्त २२, आणि बटण दाबलंय पाच वेळा. त्या पाचांपैकी तीन वेळा खरंच आगाऊ ठोका होता, दोन वेळा ईसीजीच्या पट्टीवर ताल अगदी सरळ आहे, फक्त वेग १०४ झालाय. दिवसभराची नऊ बटणं धरली तर चार जुळतात, पाच जुळत नाहीत.

म्हणजे ठोके सगळ्यात जास्त तेव्हा, जेव्हा तुम्हाला पत्ताच नाही, आणि त्रास सगळ्यात जास्त तेव्हा, जेव्हा ठोके त्या मानाने कमी. मी हे तुम्हाला "सगळं मनाचे खेळ आहेत" म्हणायला दाखवत नाहीये, व्हीपीसी खऱ्या आहेत, पट्टीवर छापल्यात. पण त्यांचा आवाज किती मोठा येणार हे त्यांच्या संख्येवर ठरत नाही. लग्नघरात वीस पोरं किंचाळत असतात, बँड वाजत असतो, आणि त्यात आपलं रडलेलं आईला बरोबर ऐकू येतं ना? तिचे कान काही इतरांपेक्षा तीक्ष्ण नसतात, ते लावलेले असतात. तुमचे कान मार्चपासून छातीला लावलेले आहेत, त्यात मामांचं जाणं, त्यात तो ४४. मेंदूने एकदा ठरवलं की इथून धोका येणार, की एरवी जे सिग्नल तो गाळून टाकतो ते सगळे तो वर पाठवायला लागतो.

आणि भीती नुसता आवाज वाढवून थांबत नाही, ती खरंच छातीत हात घालते. गचका बसला, दचकलात, काही सेकंदांत अॅड्रेनालिन रक्तात. त्याने वेग ७५ चा १०४ होतो, प्रत्येक ठोका जास्त जोरात पडतो, आणि त्या चुळबुळ्या पेशी जास्तच चुळबुळ करतात, म्हणजे दोन-चार आगाऊ ठोके अजून. श्वास उथळ आणि भरभर होतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग ओठांभोवती मुंग्या, बोटं बधिर, छाती आवळल्यासारखी. इथे माणूस म्हणतो झालं, हा अटॅकच. पण नीट बघा, हृदयाचा वाटा यात पहिल्या दीड सेकंदाचा. पुढचा अर्धा तास जो जातो तो घाबरण्याचा असतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत, हे "टेन्शन घेऊ नका" या वाक्यात बसत नाही. (मी पण नवीन असताना पेशंटला हेच सांगायचो. मग चाळिशीत मला स्वतःला हे ठोके सुरू झाले, रात्री दीडला बायकोला उठवून स्टेथोस्कोप लावायला लावला होता. ती शिक्षिका आहे. म्हणाली, काहीतरी वाजतंय. त्यानंतर ते वाक्य बंद केलं.)

रात्रीच का, तर पडल्यावर वेग कमी होतो, दोन ठोक्यांमधली जागा वाढते, त्या जागेत आगाऊ ठोक्याला शिरायला वाव मिळतो. डाव्या कुशीवर वळलात की हृदय छातीच्या भिंतीला जवळ येतं, गादीतून, उशीतून ठोका कानात येतो. टीव्ही बंद, घर शांत. त्यामुळे उजव्या कुशीवर झोपा, पंखा जरा आवाज करणारा असेल तर असू दे, हे उपाय पोरकट वाटतील पण चालतात.

औषध का नाही दिलं असा प्रश्न पत्रात नाही पण तुमच्या मनात असणार. ठोके दाबणाऱ्या गोळ्या आहेत. १९८० च्या दशकात डॉक्टरांना वाटलंच होतं की अटॅक येऊन गेलेल्या पेशंटचे आगाऊ ठोके दाबले की ते वाचतील, म्हणून अमेरिकेत कास्ट नावाची मोठी ट्रायल झाली. गोळ्यांनी ठोके झकास कमी झाले, पट्ट्या स्वच्छ, आणि १९८९ मध्ये आकडे बाहेर आले तर गोळी घेणारे पेशंट खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त दगावत होते. ती औषधं मधेच थांबवावी लागली. तेव्हापासून नुसती पट्टी सुंदर करायला कोणी शहाणा डॉक्टर या गोळ्या देत नाही. त्रास फारच असेल तर बीटा ब्लॉकर, मेटोप्रोलॉल वगैरे, कमी डोसमध्ये देतात, त्याने गचक्याचा जोर कमी होतो, ठोके मात्र जातीलच असं नाही. पण ती मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणायची गोष्ट नाही, दमा असेल तर त्रास देते आणि नेहमी घेत असाल तर एकदम बंदही करता येत नाही.

आता तुमच्या रिपोर्टमध्ये काय नाही ते. थायरॉइड नाही आणि हिमोग्लोबिन नाही, निदान फोटोत तरी नाही. चौतिशीतल्या बाईला धडधड होते आणि हे दोन बघितले नाहीत हे मला पटलं नाही. टीएसएच, सीबीसी आणि सोबत पोटॅशियम-मॅग्नेशियम करून घ्या, बोटभर रक्तात होतं. थायरॉइड वाढलेला किंवा हिमोग्लोबिन ८ निघालं तर खरी दुरुस्ती तिथेच आहे. मार्चमध्ये सर्दी झाली होती असं डायरीच्या कोपऱ्यात दिसतंय, तर नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या घेतल्या होत्या का आठवा, त्यातली काही औषधं हृदयाला चाबूक मारतात. दम्याचा पंपही तसंच करतो.

चहाबद्दल सगळे विचारतात. २०२३ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, शंभर माणसांना काही दिवस कॉफी प्या, काही दिवस पिऊ नका असं सांगून सतत ईसीजी घेतला. वरच्या कप्प्याच्या आगाऊ ठोक्यांत फारसा फरक नाही पडला, खालच्यांत, म्हणजे तुमच्यासारख्यांत, कॉफीच्या दिवशी थोडी वाढ दिसली, आणि झोप साधारण अर्ध्या तासाने कमी झाली. मला तो झोपेचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तुम्ही डायरीत शाखेतला चहा पाच वेळा आणि रात्री साडेआठला एक असं लिहिलंय. सगळा सोडू नका, डोकं धरेल, पण दुपारी तीननंतरचे दोन-तीन तेवढे काढा आणि पंधरा दिवस बघा फरक पडतो का. नाही पडला तर सुखाने प्या.

मुख्य काम मनगटाचं आहे. तुम्ही नाडी बघता ती खात्री करायला, आणि खात्री टिकते दहा मिनिटं, मग परत. प्रत्येक वेळी मेंदूला निरोप जातो की इथे बघण्यासारखं काहीतरी आहे, म्हणजे कान अजून लागतात. एकदम बंद होणार नाही, मी सांगून तर अजिबातच नाही. आठवडाभर असं करा की नाडी बघायची ती ठरलेल्या दोन वेळांना, सकाळी आंघोळीआधी आणि संध्याकाळी घरी आल्यावर, पूर्ण एक मिनिट. मधेच हात गेला तर हात जाऊ दे, पण पंधरा मिनिटं थांबून मग बघायचं. पुढच्या आठवड्यात फक्त सकाळी. आणि गचका बसला की जे चाललंय ते चालूच ठेवायचं, नोटा मोजत असाल तर मोजायच्या, पोळी लाटत असाल तर ती पूर्ण लाटायची. फार घाबरायला झालं तर श्वास आत घेण्याच्या मागे लागू नका, सोडण्याच्या मागे लागा, चार मोजत घ्या, सहा-सात मोजत हळू सोडा, तीन-चार मिनिटं. मुंग्या त्याने जातात. पाणी पिऊन खोलीत दोन चकरा मारल्या तर वेग वाढून बऱ्याच जणांचे आगाऊ ठोके आपोआप मागे पडतात. चालायला जाणं तुम्ही बंद केलंय ते म्हणून परत सुरू करा, अर्धा तास, गप्पा मारता येतील अशा वेगाने. थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत दोन-चार गचके येतात, त्याला घाबरू नका. चालताना वाढत गेले तर मात्र थांबा आणि मला नाही, तुमच्या डॉक्टरांना सांगा, ते स्ट्रेस टेस्ट करतील. महिनाभरात एवढ्याने हलकं झालं नाही तर सायकॉलॉजिस्टकडे जा, या चक्रावर त्यांच्याकडे नीट बांधलेले उपाय असतात.

मामांचं म्हणाल तर त्यांचं दुखणं नळाचं होतं, तुमचं लाइटचं आहे. अटॅक म्हणजे हृदयाला रक्त देणारी नळी तुंबणं, आगाऊ ठोका म्हणजे वायरीत एखादी ठिणगी. त्या नळ्यांसाठी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघायचं ते बघाच, पण ४१२ व्हीपीसींनी त्यात काही भर पडत नाही. घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक, काही कारण न कळता गेलं असेल, झोपेत किंवा खेळताना, तर ते वेगळं, ते तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

आणि हे मला स्पष्ट लिहायला हवं, कारण पत्र वाचणारे अजून बरेच असतात. शुद्ध हरपली, विशेषतः पळताना, जिने चढताना. छातीत दुखून घाम फुटला, दम लागला. धडधड बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन १५०-१८० च्या वेगाने चालूच राहिली. असं काही झालं तर मनगट धरून बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. नाडीला कुठलाच ताल नाही, विस्कटल्यासारखी चाललीय आणि तशीच राहिलीय, असं असेल तर त्याच दिवशी ईसीजी. ज्यांना अटॅक येऊन गेलाय, ज्यांचा पंप कमजोर आहे, त्यांनी माझं वरचं "साधं आहे" हे स्वतःला लावून घेऊ नये, त्यांच्यात याच ठोक्यांचा अर्थ बदलतो. तुम्हाला ते लावता येतं कारण तुमचा एको हातात आहे आणि चक्कर कधी आली नाही असं तुम्ही लिहिलंय. त्यात काही बदललं तर होल्टर परत. नाही बदललं तर दर दोन महिन्यांनी लावून घ्यायची गरज नाही, कोणी सुचवलं तरी.

रक्ताचे रिपोर्ट आले की पाठवा, सरळ काढून. आणि तो ऑक्सिमीटर कोविडमध्ये सासूबाईंसाठी घेतला होता म्हणालात ना, तर तो त्यांच्याच कपाटात ठेवा, वरच्या फळीवर, आणि सेल काढून.